‘फील्ड’ला मराठीत काय म्हणावं? कवच, ढाल की आणखी काही?

अनुवादवेडी
आमच्या वाचनगटासाठी निव्हन आणि पूर्नेल यांच्या ‘द मोट इन गॉड्स आय’ (१९७४) या विज्ञानकादंबरीतली काही प्रकरणं मराठीत करतेय. त्यातल्या युद्धनौकांभोवती ‘लँग्स्टन फील्ड’ असतं. मी ‘कवच’ लिहिलं. गटातल्या एका ज्येष्ठांनी तपासताना त्याच्याआधी ‘अभेद्य’ घातलं. म्हणाले, कवच म्हटलं की ते अभेद्यच. पण गोष्टीत ते भेदलं जातं, आणि वाचणारे विचारतात की मग आधी अभेद्य का म्हटलंत? ‘क्षेत्र’ लिहिलं तर जमीनजुमला वाटतो. काय करू?

गोदाकाठ
ढाल म्हणा. ढाल फुटते, कवच फुटत नाही. कर्णाचं कवच कोणाला फोडता आलं नाही, इंद्राला ते मागूनच घ्यावं लागलं. तुमच्या ज्येष्ठांचं म्हणणं परंपरेला धरून आहे.

जुना_वाचक
ढाल आणि कवच दोन्ही वार अडवतात. हे फील्ड अडवत नाही, गिळतं. लेझर असो वा स्फोट, आलेली ऊर्जा ते साठवतं आणि आपल्या पृष्ठभागातून हळूहळू बाहेर सोडतं. मार कमी असेल तर ते काळं दिसतं. साठा वाढला की लाल, मग नारिंगी, पिवळं, हिरवं, निळं आणि शेवटी जांभळं. त्यापुढे ते कोसळतं, साठलेली सगळी ऊर्जा एकदम आत येते आणि नौकेची वाफ होते. लेखकांनी ही मर्यादा आधी सांगून टाकली आहे. म्हणूनच लढाईच्या प्रसंगात ‘फील्ड पिवळं झालं’ एवढं एक वाक्य आलं की वाचकाच्या पोटात गोळा येतो. ‘अभेद्य’ या एका शब्दाने ते सगळं जातं.

धरणावरचा
मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. तुमचं वर्णन वाचून आमचे रोजचेच शब्द आठवले: येवा आणि विसर्ग. येवा विसर्गापेक्षा जास्त झाला की साठा वाढतो, आणि सांडव्याची क्षमता ठरलेली असते. या फील्डला ‘धारणक्षेत्र’ म्हणा. आमच्याकडे ‘पाणलोट’ शब्दावरून फार वाद व्हायचे, तो वेगळा विषय.

जुना_वाचक
काका, येवा-विसर्ग फारच चपखल. एक फरक सांगतो. धरणातलं पाणी सगळीकडे एका पातळीत असतं. इथे एकाच जागी जोरात मार बसला तर तेवढ्याच जागी फील्ड क्षणभर फाटतं, आणि त्या फटीतून ऊर्जा आत शिरून नौकेचा तो भाग जळतो. बाकी नौका शाबूत राहते. त्यामुळे कप्तानाला दोन भीती असतात, सगळं भरण्याची आणि एका जागी फाटण्याची. दोन्हींची चिन्हं वेगळी, उपायही वेगळे.

पदार्थविज्ञान_७८
माफ करा, पण हे चूक आहे. लोखंड तापवून बघा. लाल होतं, पिवळं होतं, मग पांढरं. हिरवं कधीच होत नाही. आकाशातही तसंच. काक्षी तांबडा आहे, राजन्य निळसर पांढरा आहे, हिरवा तारा डोळ्यांना दिसत नाही. ज्या गोष्टीत मूलभूत विज्ञानच चुकतं तिला विज्ञानकथा म्हणू नये. नारळीकरांच्या कथा वाचा, तिथे असं चालत नाही.

अनुवादवेडी
मग मी अनुवादात हिरवा रंग गाळू का?

जुना_वाचक
ताई, बिलकूल गाळू नका. लोखंडाबद्दल ते म्हणतात ते बरोबर आहे. पण फील्ड ही मुळात कल्पनेतली वस्तू आहे, तिला विज्ञानाचा दाखला मागून उपयोग नाही. मागायचं ते एवढंच, की पहिल्या लढाईत हिरव्यानंतर निळं आलं असेल तर शेवटच्या लढाईतही तेच यावं, आणि नायकाची नौका आहे म्हणून जांभळ्यापुढे एक जादा रंग निघू नये.

या पुस्तकाचं सगळं कथानक अशा दोन मर्यादांवर उभं आहे. ताऱ्यांमधली उडी कुठूनही मारता येत नाही. प्रत्येक ताऱ्याभोवती ठरलेले मोजकेच बिंदू असतात, तिथून निघून दुसऱ्या ताऱ्याच्या ठरलेल्या बिंदूवर पोचायचं. त्या बिंदूपर्यंत मात्र साध्या इंजिनाने, कित्येक दिवस घालवून जावं लागतं. उडीनंतर माणसं आणि संगणक दोन्ही काही काळ भांबावलेले असतात. म्हणून बिंदूवर दबा धरून बसलेला शत्रू नवख्या नौकेला सहज गाठू शकतो, आणि म्हणूनच एखाद्या ताऱ्याची नाकेबंदी शक्य होते. कुठूनही कुठेही उडी मारता आली असती तर नाकेबंदी या शब्दालाच अर्थ उरला नसता.

आता मोटवासी, म्हणजे गोष्टीतले परग्रहवासी, बघा. त्यांनी उडीचं इंजिन स्वतः शोधलेलं आहे. पण त्यांच्या ताऱ्यावरून जाणारी वाट एका तांबड्या महाताऱ्याच्या पोटात उघडते. गेलेली प्रत्येक नौका गडप. परत कोणीच येत नाही, त्यामुळे कारणही कळत नाही. त्यांना वाटतं इंजिनच बिघडलंय. माणसांकडे फील्ड आहे, त्यामुळे महाताऱ्याच्या विरळ बाहेरच्या थरातून ती जिवंत निघू शकतात. पण तिथे चहूबाजूंनी उष्णता असते, विसर्गाला जागाच नाही, म्हणून फील्ड भरण्याआधी बाहेर पडावं लागतं. दोन्ही यंत्रं खोटी आहेत. तरी हजारो वर्षांची एक संस्कृती एका ताऱ्यापाशी का अडकली, हे मला पूर्ण पटतं.

गोदाकाठ
हे तर आपल्याकडे केव्हापासून आहे. हिरण्यकशिपूचा वर आठवा. दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. मर्यादेवरच गोष्ट उभी. म्हणून म्हणतो, परके शब्द कशाला? ‘वर’ हाच शब्द घ्या.

जुना_वाचक
उदाहरण सुंदर, पण तिथे अटींमधली फट शेवटी नरसिंह शोधतो. इथे मर्यादा दोन्ही पक्षांना पहिल्या दिवसापासून माहीत असते आणि सगळे डावपेच ती धरूनच आखले जातात. दैत्याच्या वराला अभियांत्रिकी नसते.

पुणेरी_पोरगी
मी पुस्तक वाचलेलं नाही. पण २०१७च्या ‘द लास्ट जेडाय’मध्ये एक नौका अतिवेगाची उडी घेत थेट शत्रूच्या नौकेवर आदळते, ते बघताना मला हेच खटकलं होतं. दृश्य अप्रतिम, थिएटरमध्ये सगळे गप्प झाले होते. घरी आल्यावर भाऊ म्हणाला, हे जमत होतं तर आधीच्या सिनेमांत एखादी रिकामी नौका डेथ स्टारवर का नाही सोडली? माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०१९च्या सिनेमात एका पात्राच्या तोंडी घातलंय की असं लाखात एकदाच जमतं.

जुना_वाचक
बरोबर पकडलंत. मर्यादा प्रसंगाच्या आधी सांगितली तर ती गोष्टीचा भाग होते, नंतर सांगितली तर खुलासा वाटतो.

पदार्थविज्ञान_७८
माझ्या मुद्द्याला उत्तर मिळालेलं नाही. सुसंगत असेल तर काहीही विज्ञानकथा होणार का? मग परीकथाही सुसंगत असतात. निदान वर्गवारीसाठी तरी वेगळा शब्द हवा.

पुणेरी_पोरगी
‘अंतराळकथा’ आहे की!

पदार्थविज्ञान_७८
चंद्रावरच्या मोहिमेची खरी हकिगतही अंतराळकथाच होईल. वाचकाने फरक कसा ओळखायचा?

गोदाकाठ
‘अंतराळ’ की ‘अंतरिक्ष’ यावर आधी एकमत होऊ दे. माझ्या मते ‘अंतरिक्ष’च शुद्ध. ‘अंतराळ’ हा मूळचा देवळाचा शब्द आहे, गाभारा आणि सभामंडप यांच्या मधली जागा.

धरणावरचा
आमच्या गावच्या हेमाडपंती देवळात आहे तशी जागा. ‘अंतराळ’च म्हणतात तिला.

अनुवादवेडी
‘अभेद्य’ काढून टाकलं. सध्या ‘फील्ड’च ठेवलंय, आणि ज्या वाक्यांत ऊर्जा साठते-निघते तिथे काकांचे येवा आणि विसर्ग वापरून बघितले, वाचायला छान लागतात. पण ते एका जागी फाटणं आहे, त्याला काय लिहू? ‘भगदाड’ फार मोठं वाटतं, ‘चीर’ फार बारीक.

धरणावरचा
‘खिंडार’ बघा.

गोदाकाठ
खिंडार भिंतीला पडतं. जुना_वाचक म्हणतात हे अडवतच नाही, मग भिंत कुठून आली?