मदत हवी आहे: सोल अर्ज नंबर एका ठिकाणी १ येतोय, दुसरीकडे ८. नक्की कोणता धरायचा?

गोंधळात_मी

नमस्कार मंडळी, प्रश्न थोडा बाळबोध वाटेल पण दोन दिवस डोकं पिकलंय म्हणून विचारते.

आमचं ठरल्यात जमा आहे. त्याच्या मोठ्या ताईला अंकशास्त्राचा नाद आहे, तिने आमच्या दोघांच्या पूर्ण नावांवरून एक्सप्रेशन आणि सोल अर्ज काढले आणि म्हणाली एक्सप्रेशन दोघांचा ४, ते छान, पण आतून तू ८ आणि तो १, म्हणजे दोघांनाही स्वतःचंच खरं करायचं असणार, खटके उडणार. हसत हसतच म्हणाली पण म्हणाली. घरी येऊन मी एका साइटवर नावं टाकली तर तिथे दोघांचा ४ आणि दोघांचा सोल अर्जसुद्धा १ च! खाली गुलाबी हार्ट आणि "परफेक्ट मॅच". म्हणजे तीच नावं, तेच स्पेलिंग, आणि एकीकडे खटके तर दुसरीकडे हार्ट.

खरी नावं देत नाही, पण हाच घोळ होईल अशी दोन नावं शोधून काढली आहेत, तीच धरून सांगा: MAYURI JOSHI आणि NIKHIL PATIL. चूक कुठे होतेय?

सरळसोट

जन्मतारखा दे. तारखेशिवाय काही होत नाही. मूलांक भाग्यांक बघून सांगतो.

गोंधळात_मी

दादा, तारखेचं नाही विचारलं हो, नावाचं विचारलंय.

सरळसोट

नावाचं तारखेनंतर. आधी तारीख.

आकडेमोड_काका

बेरीज कोणाचीच चुकलेली नाहीये, घोळ सगळा तुझ्या नावातल्या वायचा आहे. ही पद्धत पायथागोरसच्या नावाने चालते, ए १ पासून आय ९, मग जे परत १ पासून आर ९, मग एस १ पासून झेड ८. सगळ्या अक्षरांची बेरीज म्हणजे एक्सप्रेशन, नुसत्या स्वरांची सोल अर्ज. आता मांडून बघू:

```
M4 A1 Y7 U3 R9 I9 = 33
J1 O6 S1 H8 I9    = 25   33+25 = 58 -> 13 -> 4

N5 I9 K2 H8 I9 L3 = 36
P7 A1 T2 I9 L3    = 22   36+22 = 58 -> 13 -> 4
```

एक्सप्रेशन दोघांचा ५८, म्हणजे ४. इथे भांडण नाही. आता स्वर. त्याचे आय आय, ए आय, एकूण २८, म्हणजे १०, म्हणजे १. तुझे ए यू आय १३ आणि ओ आय १५, तेही २८, म्हणजे १. साइटने वाय व्यंजन धरला म्हणून हार्ट आलं. ताईने वाय स्वर धरला, त्याचे ७ वाढले, २८ चे ३५ झाले आणि ३५ म्हणजे ८. एवढंच आहे सगळं.

लिंबूटिंबू

काका पण वाय तर स्वरच असतो ना? आम्हाला शाळेत ए ई आय ओ यू आणि "कधीकधी वाय" असं शिकवलेलं. मी तर कायम धरते.

आकडेमोड_काका

"कधीकधी" हा शब्द सोडून बाकी सगळं लक्षात ठेवलंस बघ 😀 ज्या जागी दुसरा स्वर नाही आणि वायलाच ई किंवा आयचा आवाज काढावा लागतो तिथे तो स्वर, जसं MARY च्या शेवटी. पण त्याच्या पुढे स्वर असेल आणि तो य असा उच्चारला जात असेल तर व्यंजन. मयूरी देवनागरीत लिहून बघ, य ला दीर्घ ऊकार आहे, य स्वतः काही स्वर नाही. त्यामुळे माझ्या मते तुझा १. यश, सायली, मयूरी, प्रिया यात शंकाच नाही. अडचण विजय, संजयसारख्या नावांची. मराठी कानाला तिथे स्पष्ट य ऐकू येतो, पण इंग्रजी पुस्तकं ए च्या पुढे चिकटलेला वाय बरेचदा स्वरात धरतात. तिथे मी व्यंजन धरतो, पण माझ्याच ओळखीतले जुने लोक धरत नाहीत, आणि हे भांडण काही मिटलेलं नाही.

अदिती_नाही_मी

माझंपण असंच झालेलं पण माझ्या नावात वाय नाहीच्चे! ADITI PATIL असं समजा. एका ॲपने सोल अर्ज ११ मास्टर नंबर सांगितला, खूप मोठं काहीतरी असल्यासारखं, मी आठवडाभर स्वतःला स्पेशल समजत होते, मग दुसऱ्या ॲपने साधा २ दिला. आणि ज्याच्याशी जुळवत होते त्याचा पण २, म्हणजे ११ धरला तर "तो तुझ्या उंचीचा नाही" आणि २ धरला तर "एकमेकांसाठीच बनलेले". मी काय करायचं होतं सांगा.

आकडेमोड_काका

तुझा घोळ वेगळा, तो बेरजेच्या पद्धतीचा. अदितीचे स्वर १९, पाटीलचे १०. एकत्र केले तर २९, म्हणजे ११, तिथे थांबले आणि मास्टर म्हणाले. दुसऱ्या ॲपने आधी नाव आणि आडनाव वेगवेगळं एका अंकावर आणलं, १९ चा १, १० चा १, दोन्ही मिळून २, अकरा वाटेत लागलाच नाही. शेवटचा एक अंक कुठूनही गेलं तरी तोच येतो, फक्त ११, २२, ३३ दिसणार की नाही हे रस्त्यावर ठरतं. म्हणून जोडीचं बघताना मी तरी ११ ला २ च्याच घरात बसवतो, नाहीतर एकाच माणसाचे दोन निकाल लागतात.

किरोभक्त

मुळात ही पद्धतच चुकीची. किरोची खाल्डियन घ्या, त्यात कुठल्याच अक्षराला ९ नाही आणि वायला १ आहे. मयुरी १५ जोशी १७ एकूण ३२ म्हणजे ५. निखिल १७ पाटील १७ एकूण ३४ म्हणजे ७. आणि १-५-७ एका गटातले, म्हणजे जमतंय! प्रश्न मिटला.

आकडेमोड_काका

बेरीज बरोबर आहे तुमची. पण १-५-७, २-४-८, ३-६-९ हे गट ज्या पुस्तकांतून आले ती पायथागोरसवाली आहेत, आकडे एका पद्धतीचे आणि गट दुसऱ्या पद्धतीचे असं करून चालत नाही. शिवाय खाल्डियनमध्ये रोज हाक मारतात ते वापरातलं नाव बघतात, आणि ही ताई जन्माच्या दाखल्यावरचं पूर्ण नाव घेतेय. प्रश्नच वेगळा झाला.

किरोभक्त

माझे अनुभव आहेत हो, ३० वर्षांचे. असो.

चष्मेबहाद्दर

मी विश्वास ठेवणाऱ्यातला नाही पण गंमत म्हणून दोन गोष्टी सांगतो. पायथागोरस ग्रीक, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला. ए ते झेड ही २६ अक्षरं त्याच्या बापजन्मात नव्हती, जे आणि यू तर आय आणि व्ही पासून वेगळे मोजायला लागले ते फार म्हणजे फारच नंतर. आपल्या जोशीतला जे त्याने १ ठरवला हे शक्यच नाही.

दुसरं, अंक ९ आणि गट ३. कुठलीही दोन माणसं उचला, साधारण तीन जोड्यांत एका जोडीचा सोल अर्ज एकाच गटात पडणारच. तोच अंक यायची शक्यता नवात एक. हार्ट दिसलं म्हणून एवढं काय.

आकडेमोड_काका

हे खरंय, नाकारत नाही. पण ती विचारतेय आकडा कोणता, तो सांगतो आणि वाचायचा कसा तेही सांगतो, कारण साइटही इथे चुकलीये.

एक म्हणजे १ आणि १ सारखे आले की परफेक्ट, हे कोणत्याही जुन्या माणसाला विचार, हसेल. सोल अर्ज सारखा म्हणजे समोरच्याला काय हवंय ते न सांगता कळतं, एवढंच. आणि १ ला काय हवं असतं? आपल्या मनाप्रमाणे, आपण पुढे. दोघांनाही तेच हवं असेल तर समजेल सगळं, पण सोडणार कोण? म्हणजे ताई जे ८-१ बद्दल म्हणाली ते १-१ लाही थोडंफार लागू आहे, तिचा आकडा चुकला तरी इशारा अगदीच वाया गेला नाही.

दुसरं, नुसतं सोल अर्जला सोल अर्ज लावून थांबायचं नसतं. तिरपंही बघतात, तुझा सोल अर्ज आणि त्याचा एक्सप्रेशन. तुला आतून जे हवं ते तो बाहेर वागण्यात देतो का, असा त्याचा अर्थ. तुमचं दोन्हीकडून १ समोर ४ येतं. ४ म्हणजे घडी बसवलेला, यादी करणारा, ठरल्याप्रमाणे चालणारा. १ ला घाई असते. माझ्या मते कुरकुर झालीच तर इथे होईल, "किती वेळ लावतोस" या प्रकारची.

सूनबाई२

अगं पण लग्नानंतरचं नाव धर ना! मी तर नवीन आडनावाने काढलं आणि सगळं बदललं.

आकडेमोड_काका

बदलतंच. मयुरी पाटील केलं तर बेरीज ५५, एक्सप्रेशन १, आणि स्वर १३ अधिक १०, २३, सोल अर्ज ५. पण जोडी जुळवायला जन्मनाव घेतात, नवीन नाव त्याच्यावर चढवलेला थर मानतात. नाहीतर जुळत नसेल तर आडनाव बदला आणि जुळवा असा धंदाच होईल.

चष्मेबहाद्दर

होईल? 😀

गोंधळात_मी

काका खूप खूप धन्यवाद, वायचं अगदी डोक्यात बसलं. अजून एक, माझी मैत्रीण म्हणते स्पेलिंगमध्ये यू च्या जागी डबल ओ कर, सगळं सुटेल. करू का?

आकडेमोड_काका

करून बघ, हलणारच नाही. यू चे ३ गेले आणि दोन ओ चे १२ आले, फरक ९. आणि ९ ची भर पडली की शेवटचा अंक तसाच राहतो. जास्तीचा आय किंवा आर घुसवला तरी तेच, दोन्ही ९ चे. शेवटच्या आयच्या जागी डबल ई केलंस तर मात्र ९ चे १० होतात, सोल अर्ज २८ चा २९ होऊन ११, म्हणजे २, आणि एक्सप्रेशन ५ होईल. पण जन्माच्या दाखल्यावर जे आहे ते आहे, आज बदललेलं त्यात धरत नाहीत.

लिंबूटिंबू

मी आत्ता माझं सगळं परत काढलं वाय सोडून. मी इतकी वर्षं ६ नव्हतेच 😭

गोंधळात_मी

अपडेट. ताईने पाठवलेला कागद आत्ता नीट बघितला. त्यावर तिने स्वतःचं आणि जिजूंचंही काढलंय. तिच्या नावातही वाय आहे, माझ्यासारखाच मधे, पुढे स्वर असलेला. तिथे तिने तो मोजलेलाच नाही! फक्त माझा मोजलाय. तिचा आणि जिजूंचा ६-६ आलाय, खाली दोन रेघा मारल्यात.

आता हे तिला विचारू का नको?

सूनबाई२

नको ग बाई. निदान लग्न होईपर्यंत तरी नको.

सरळसोट

ताईची जन्मतारीख दे.