अनुभव धागा: १२० शब्दांत गोदावरी

भाचीने सराव प्रश्नपत्रिकेचा फोटो पाठवला. ‘मी गोदावरी बोलतेय’ हे आत्मकथन, शब्दमर्यादा १०० ते १२०. तिचा पहिला मसुदा १९४ शब्दांचा झाला. ब्रह्मगिरीवरचा उगम, गंगापूर धरण, रामकुंड, सिंहस्थ, पूर, प्रदूषण आणि शेवटी बंगालचा उपसागर, सगळ्यांना दोन-दोन वाक्यं. नदी बोलतेय असं कुठेच वाटेना. तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी निबंध मर्यादेत कसा बसवला, ते सांगा.

पंचवटीतल्या निवृत्त बाई: वाक्यं छाटत बसू नका, प्रसंग एकच धरा. तिला पुराचा एक दिवस घेऊ द्या. ‘नमस्कार मुलांनो, ओळखलंत का मला? मी तुमची सर्वांची लाडकी नदी गोदावरी’ यातच अकरा शब्द जातात आणि प्रसंग सुरूच होत नाही. त्याऐवजी ‘काल माझं पाणी दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागलं’. सात शब्दांत वेळ, जागा, पाणी किती चढलं, सगळं आलं. आधी स्वतःच्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसतात ते मोजायचं. आठ बसत असतील तर पंधरा ओळी झाल्या. दोन ओळी सुरुवात, सात पूर, चार ओसरल्यावरचा घाट, दोन शेवट. मग पेपरात शब्द मोजावे लागत नाहीत, ओळी दिसतात.

सिडको: शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहायचं. ‘काठा वर’ असं तोडलं की एक शब्द वाढतो. आणि, पण, तर हे मोजत नाहीत.

पंचवटीतल्या बाई: पहिलं बरोबर. पण ‘आणि’सुद्धा शब्दच आहे, तो मोजायचा.

नाशिकरोड: माझं वेगळंच झालं. स्पर्धा परीक्षेच्या सरावाला मित्राने प्रश्नाचा फोटो पाठवला, त्यात वरची सूचनेची ओळ कापली गेली होती. मर्यादा ४०० होती, मी दीडशेत आटोपलं. मुद्दे होते, पण एकाचंही उदाहरण नव्हतं. तेव्हापासून अख्ख्या पानाचा फोटो मागतो.

इंदिरानगरची आई: दहा शब्द जास्त झाले तर गुण कापतात का? मुलाच्या शाळेत एक कापला.

पंचवटीतल्या बाई: मी तपासायचे तेव्हा १३० ला कधी कापला नाही. दुसऱ्या कुणाचं सांगू शकत नाही. पण १९० झाले की पुढच्या पत्रलेखनाची वेळ जाते, ते नुकसान मोठं.

सिडको: आमच्या सरांनी मात्र कापले होते.

भाचीने काल पुन्हा लिहिलं, ११७ शब्द. पूर ओसरल्यावर दुकानदार गाळ उपसतात आणि नदी ते बघते, हा भाग तिला आपसूक सुचला. पण रामकुंड निघून गेलं, त्याचं तिला फार वाईट वाटतंय. तीन शब्द शिल्लक आहेत. त्यात आणता येईल का?