फ्रेशरचा रिझ्युमे: एक पान, सरळ तारखा आणि क्रियापदांचा गोंधळ

मिरजेची_ताई:
धाकटा भाऊ बीई कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे, दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला गेला. त्याचा रिझ्युमे मी तपासतेय. मी स्वतः बीकॉम, या क्षेत्रातली नाही. तीन अडचणी आहेत. मजकूर एका पानात मावत नाही, सहा ओळी दुसऱ्या पानावर जातात. उजवीकडच्या तारखा आमच्या घरी सरळ दिसतात, मित्राच्या लॅपटॉपवर वाकड्यातिकड्या. आणि एका प्रोजेक्टला 'डेव्हलप्ड', दुसऱ्याला 'डेव्हलपिंग'. हे सगळं खरंच कुणी बघतं का?

शॉपफ्लोअर_एचआर:
एक पानाचा हट्ट सोडा. मी एका इंजिनिअरिंग कारखान्यात भरती बघते. आमच्याकडे दोन पानी अर्ज रोज येतात आणि मी ते पूर्ण वाचते. मुलगा कुठे राहतो, बस कुठून पकडेल, शिफ्टला येईल का, हे मला हवं असतं. एक पान करायच्या नादात मुलं पत्ताच उडवतात, मग फोन करून विचारावं लागतं. क्रियापदाचा काळ चुकला म्हणून मी आजवर कुणाला बाद केलेलं नाही.

इंग्रजीच्या_बाई:
काळाबाबत गोंधळायचं कारणच नाही. रिझ्युमेत सगळी क्रियापदं भूतकाळात ठेवायची, म्हणजे प्रश्न मिटला. मी वर्गात हेच सांगते. दुसरं म्हणजे शिक्षणात बारावी दिसायलाच हवी. ती नसेल तर वाचणाऱ्याला शंका येते.

कॅम्पस_ते_कंपनी:
बाई, पूर्ण झालेल्या कामासाठी तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अजून चालू असतो. तो भूतकाळात लिहिला की समोरचा म्हणतो, "दाखव चालवून." आणि तिथे मुलगा अडकतो. मी सहा वर्षं फ्रेशर मुलांच्या मुलाखती घेतो आहे, हा प्रसंग प्रत्येक हंगामात येतो.

'डेव्हलपिंग'ची खोड वेगळी आहे. त्यावरून काम संपलं की चालू आहे, हेच कळत नाही. आणि प्रोजेक्ट चौघांचा असला की मुलाच्या वाट्याचं काय होतं तेही झाकलं जातं. ताई, प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: हे झालं का? झालं असेल तर भूतकाळ, चालू असेल तर वर्तमानकाळ. भावाचा प्रोजेक्ट, समजा, मेसच्या बुकिंगचं अ‍ॅप आहे आणि ओळी अशा आहेत:

```
Developing mess app using Flutter.
It sends menu and students gave feedback.
```

दुसऱ्याच ओळीत दोन काळ आले, आणि यानं नेमकं काय केलं ते कुठेच नाही. मी असं लिहीन:

```
Building a mess-booking app in Flutter, team of 4.
Completed the login and menu screens.
Currently testing the payment step.
```

इथेही दोन काळ आहेत, पण प्रत्येकाला कारण आहे. अ‍ॅप स्वतः काय करतं ते वर्तमानात लिहिलं तरी चालतं. कारण ते वस्तूचं वर्णन आहे, मुलाच्या कामाचं नाही.

बारावी मात्र शोधू नका. दहावी २०२०, डिप्लोमा २०२० ते २०२३, बीई २०२३ ते २०२६ असं असेल तर साखळी कुठेही तुटत नाही. फक्त बीई तीनच वर्षांचं दिसतं आणि महाराष्ट्राबाहेरचा वाचणारा तिथे थबकतो. म्हणून बीईच्या ओळीत 'थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश' एवढं इंग्रजीत लिहा.

इंग्रजीच्या_बाई:
चालू प्रोजेक्टचं पटलं. पण दोन काळ एकाखाली एक आले की वाचायला खटकतात, या मतावर मी ठाम आहे.

स्पर्धा_परीक्षा_२६:
जन्मतारीख अंकात लिहायची की अक्षरात? माझ्या अर्जात नाव आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही.

शॉपफ्लोअर_एचआर:
तो सरकारी अर्ज झाला. तिथे त्यांचा नमुना जसाच्या तसा भरायचा, त्यात तुमचं काही चालत नाही. इथे रिझ्युमेबद्दल बोलतोय.

टॅबवाला_पुणे:
तारखांचं मी सांगतो, पूर्वी डीटीपी करायचो. भावानं स्पेसबार दाबत दाबत तारीख उजवीकडे नेली आहे. मित्राच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसेल तर दुसरा लागतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि सगळं सरकतं. खात्री करायची असेल तर वर्डमध्ये `Ctrl+Shift+8` दाबा. स्पेस ठिपक्यांसारख्या दिसतील. मधे ठिपक्यांची लांब रांग असेल तर दुखणं हेच.

त्या सगळ्या स्पेस खोडून तिथे एकच टॅब द्या. मग तारखांच्या ओळी निवडून `Paragraph` मधलं `Tabs` उघडा. ए४ पान २१ सेंटिमीटर रुंद असतं. दोन्ही बाजूंना २ सेंटिमीटर समास असेल तर १७ सेंटिमीटर उरतात. म्हणून जागा १७ लिहा आणि `Right` निवडा. आता फॉन्ट बदलला तरी तारखेचा शेवट उजव्या समासालाच टेकेल. समास वेगळा असेल तर आकडाही बदलायचा, इथे बरेच जण फसतात. आणि पाठवताना पीडीएफच पाठवा.

लिहिण्याची पद्धतही एकच ठेवा. एका ओळीत 'जून २०२४', दुसरीत '०६/२४', तिसरीत नुसतं '२०२४' असलं की टॅब सरळ असूनही नजर अडखळते.

नाशिकचा_निखळ:
माझं घडलेलं सांगतो. रिझ्युमे दोन पानी होता आणि दोन महिन्यांची इंटर्नशिप दुसऱ्या पानावर, छंदांच्या वर. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "इंटर्नशिप केली नाहीस का?" समोर फक्त पहिलं पान छापलेलं होतं. मी सांगितलं, पण घाबरून सांगितलं. निवड झाली नाही. त्याचमुळे झाली नाही असं मी म्हणणार नाही, पण तो प्रश्न मी विसरलेलो नाही.

शॉपफ्लोअर_एचआर:
वाईट वाटलं. पण मग चूक दोन पानांची नाही, क्रमाची आहे. इंटर्नशिप वर असती तर दुसरं पान कुणाला नडलं असतं?

कॅम्पस_ते_कंपनी:
हे मान्य आहे. दोन पानं भरतील एवढं काम असेल तर दोन पानं असू द्यावीत. पण ताईंच्या भावाच्या सहाच ओळी पलीकडे जाताहेत, आणि त्या बहुधा मुद्द्याच्या नसणार. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, 'वरील माहिती खरी आहे' ही घोषणा, स्थळ, दिनांक, सही. एवढं काढलं की पान बसतं. गाव आणि फोन एका ओळीत वर ठेवा, म्हणजे एचआर ताईंचीही अडचण होणार नाही. फॉन्ट मात्र दहाच्या खाली नेऊ नका. काही मुलं आठवर नेऊन पान बसवतात, मग छापील प्रत वाचताना डोळे ताणावे लागतात.

मिरजेची_ताई:
केलं सगळं. ठिपक्यांची रांग खरंच होती, एका ओळीत तर चाळीसच्या वर स्पेस! १७ चालेना, मग कळलं समास अडीच सेंटिमीटर होता. १६ टाकल्यावर तारखा सरळ झाल्या. एक पान झालं, खाली दोन ओळी उरल्यासुद्धा. पण कॉलेजच्या प्लेसमेंटचे सर म्हणतात, घोषणा आणि सही हवीच, नाहीतर यादीत नाव घेणार नाही. आणि भावाचा सीजीपीए ६.८ आहे, तर शिक्षण वर ठेवायचं की प्रोजेक्ट?

टॅबवाला_पुणे:
दोन फायली करा. कॉलेजला त्यांच्या नमुन्यातली द्या, बाहेर अर्ज करताना तुमची. उरलेल्या दोन ओळींत घोषणा बसली तर एकाच फायलीवरही भागेल.

कॅम्पस_ते_कंपनी:
मी असतो तर प्रोजेक्ट वर ठेवले असते. बोलण्यासारखं त्याच्याकडे तेच आहे.

शॉपफ्लोअर_एचआर:
मी आधी शिक्षणच शोधते. ते खाली गेलं की वाटतं, काहीतरी लपवलंय. ६.८ काही लपवण्यासारखा आकडा नाही, वरच ठेवा.

मिरजेची_ताई:
दोघांचं पटतंय, हीच पंचाईत. आज रात्री दोन्ही प्रती छापून भावासमोर ठेवते.