अ‍ॅलिगेशनची चौकट मोडीत काढायची का?

सूत्रधार
दोन वेगळ्या टक्क्यांची द्रावणं किती-किती मिसळायची ते काढायला बी.फार्मच्या पहिल्या सेमिस्टरला अजूनही पोरांकडून अ‍ॅलिगेशनच्या चौकटी काढून घेतात. तिरप्या वजाबाक्या करा, भाग मोजा, मग बेरीज करा. C1V1 = C2V2, म्हणजे आधीची तीव्रता गुणिले आकारमान बरोबर नंतरची तीव्रता गुणिले आकारमान, एवढं एक सूत्र आलं की कुठलंही डायल्यूशन होतं. टिंचरच्या जमान्यातली ही कसरत आता बंद करा.

खलबत्ता
"कुठलंही" या शब्दावर माझा आक्षेप आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

नवजात बाळांच्या वॉर्डातून मागणी येते: १२.५% डेक्स्ट्रोज, १०० मिली. हाताशी आहे १०% आणि २५%. तुमचं सूत्र लावा. २५ × V = १२.५ × १००, म्हणजे V आलं ५० मिली. आता उरलेले ५० मिली कशाने भरणार? सूत्र बोलत नाही. माणूस समोरची १०% ची बाटली उचलतो आणि १०० पर्यंत भरतो. २५% च्या ५० मिलीत १२.५ ग्रॅम, १०% च्या ५० मिलीत ५ ग्रॅम. झाले १७.५%. हाताच्या शिरेतून १२.५ च्या वर जाऊ नये म्हणून तर तो आकडा मागितला होता!

तुमचं सूत्र तेव्हाच खरं, जेव्हा भर घालायची वस्तू शून्य टक्क्यांची असते, म्हणजे साधं पाणी. इथे भर घालणारं द्रावण स्वतःच १०% आहे.

चौकटीत बघा. २५ वजा १२.५ म्हणजे १२.५, हे १०% चे भाग. १२.५ वजा १० म्हणजे २.५, हे २५% चे भाग. पाचास एक. १०० मिलीसाठी १०% चे ८३.३ आणि २५% चे १६.७ मिली. ताळा करा: ८.३३ अधिक ४.१७ ग्रॅम, बरोबर १२.५.

सूत्रधार
मग काय मोठंसं? पाया वजा करा आणि तेच सूत्र लावा. (२५ − १०) × V = (१२.५ − १०) × १००. V = १६.७. चौकट न काढता तुमचंच उत्तर आलं.

खलबत्ता
अभिनंदन. याच वजाबाक्यांना अ‍ॅलिगेशन म्हणतात, तुम्ही फक्त चौकटीच्या रेघा पुसल्यात.

सूत्रधार
रेघाच तर पुसायच्या होत्या, साहेब. पोरं तिरपी वजाबाकी बरोबर करतात आणि भाग उलटे लिहितात. पाचास एकच्या जागी एकास पाच झालं की द्रावण २२.५% चं होतं, आणि चौकट दिसायला तेवढीच सुबक!

खलबत्ता
हे मान्य, नाइलाजाने. पण ते एका नजरेत पकडता येतं. हवा असलेला आकडा ज्याच्या जवळ, ते द्रावण जास्त. १२.५ हे १० ला चिकटून आहे, म्हणजे बाटलीत बहुतेक १०% च असणार. २५% जास्त निघालं की समजा भाग उलटे पडले.

वॉर्डसिस्टर
वॉर्डात मध्यरात्री कोण चौकट काढतंय? ५० मिलीची सिरिंज घ्यायची, ४० मिली १०% आणि ८ मिली २५%. झालं १२.५. पाचास एक तोंडपाठ असतं.

खलबत्ता
सिस्टर, हिशेब चोख आहे. पण ते पाठांतर २५% ला बांधलेलं आहे. स्टोअरमधून ज्या दिवशी ५०% येईल, त्या दिवशी पाचास एक केलंत तर १६.७% होईल. ५०% ला प्रमाण पंधरास एक. लेबल बदललं की पाठांतर फेकून द्यायचं.

वॉर्डसिस्टर
आम्हाला लेबल वाचता येतं हो. दोन जणी वाचून सही करतो. तुम्ही फार्मसीतून तयार बॅग पाठवा, मग हा प्रश्नच उरणार नाही.

स्लाइडवाला
मला चौकटीचंच खटकतं. पॅथॉलॉजीत १०% फॉर्मेलिन लागतं. बाटलीवर फॉर्मल्डिहाइड ३७% लिहिलंय. चौकट काढली: ३७ आणि ०, मध्ये १०. आले १० भाग आणि २७ भाग, म्हणजे लिटरला २७० मिली. सगळे म्हणतात १०० मिली घे. मग तुमची पद्धत चुकली की नाही?

खलबत्ता
पद्धत नाही, तुम्ही चौकटीत भरलेला आकडा चुकला. १०% फॉर्मेलिन म्हणजे १०% फॉर्मल्डिहाइड नव्हे. बाटलीतलं द्रावण जसंच्या तसं १००% फॉर्मेलिन धरतात. त्याचा एक भाग आणि नऊ भाग पाणी किंवा बफर. म्हणून १०० मिली. तुमच्या २७० मध्ये फॉर्मल्डिहाइड अडीच पटीहून जास्त गेलं.

सूत्रधार
बघा, इथे C1V1 लावलं तरी २७० च येतात! दोन्ही पद्धती एकत्र बुडाल्या.

स्लाइडवाला
पण एका प्रोटोकॉलमध्ये "४% फॉर्मल्डिहाइड" लिहिलंय. ३७ चा दहावा भाग ३.७. तो ०.३ कुठून आला?

खलबत्ता
वजनाने मोजायचं की आकारमानाने, त्यातून. ३७ हे वजनात वजन, १०० ग्रॅम द्रावणात ३७ ग्रॅम. त्या द्रावणाची घनता साधारण १.०८. म्हणून १०० मिली म्हणजे १०८ ग्रॅम, आणि त्यात सुमारे ४० ग्रॅम फॉर्मल्डिहाइड. ३७ म्हणा नाहीतर ४० म्हणा, बाटली एकच. दहापट पातळ केलं की वजनात आकारमानाने ४%. तुम्ही सिलिंडरने मिली मोजता, तेव्हा ४० वालाच आकडा धरा. आणि तळाशी पांढरा साका दिसला तर दोन्ही आकडे विसरा, फॉर्मल्डिहाइड पॅराफॉर्मल्डिहाइड होऊन खाली बसलंय. वरचं द्रावण लेबलापेक्षा पातळ.

स्लाइडवाला
मग लेबलवर नुसतं "३७%" छापणाऱ्यांना कुणी विचारत नाही? ग्रॅम की मिली ते लिहायला शाई लागते का?

वॉर्डसिस्टर
धागा डेक्स्ट्रोजचा होता ना?

सूत्रधार
होता. आता फॉर्मेलिनची वरात निघाली. तरी एक विचारतो. ९५% अल्कोहोलपासून ७०% करायचं. चौकट म्हणते ७० भाग अल्कोहोल, २५ भाग पाणी. ७०० मिलीत २५० मिली पाणी ओतलं तर ९५० होतात का? होत नाहीत, आकसतं. सांगा आता चौकटीचं कौतुक.

खलबत्ता
इथे तुमचा मुद्दा बरोबर. अल्कोहोल आणि पाणी मिसळलं की आकारमान घटतं, त्यामुळे पाण्याचे भाग मोजून ओतायचेच नाहीत. एक लिटरसाठी ९५% चे ७३७ मिली घ्या, पाणी घालून ढवळा, थंड होऊ द्या आणि मग एक लिटरच्या रेघेपर्यंत भरा. पाणी २६३ पेक्षा थोडं जास्तच लागेल. ७३७ मात्र तुमच्या सूत्राने काढा, नाहीतर चौकटीने, उत्तर तेच.

सूत्रधार
म्हणजे सूत्र चालतं.

खलबत्ता
पाणी घालायचं तेव्हा चालतं. पहिल्या उत्तरात हेच लिहिलं होतं.

वॉर्डसिस्टर
तयार बॅगेचं काय ते कुणीच बोललं नाही.