सबटायटलमध्ये अक्षरं मोजायची कशी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, ऐरोलीच्या खाडीवरच्या छोट्या व्हिडिओचं कॅप्शनिंग करतेय, ट्रान्सक्रिप्ट तयार आहे पण क्लायंटची अट अशी की एका ओळीत 32 कॅरेक्टर आणि जास्तीत जास्त दोन ओळी, आता हे कॅरेक्टर म्हणजे नेमकं काय तेच कळेना.

हे वाक्य बघा: "ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो मोठ्या संख्येने येतात". डोळ्यांनी मोजलं तर स्पेस धरून 23, एका ओळीत आरामात बसतं, पण एक्सेलचं `LEN` 47 सांगतं कारण काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं ("च्या"च चार!). सॉफ्टवेअर मग 32 वर बरोब्बर "मोठ्या"नंतर ओळ तोडतं आणि "संख्येने येतात" एवढंच खाली, वाचताना अडखळायला होतं. मी "फ्लेमिंगो"नंतर तोडलं, 25 आणि 21, तेच बरं वाटतं.

बोलणारे काका दर वाक्याला "तर बघा", "म्हणजे कसं" म्हणतात, ते मी सरळ उडवलंय. पण तरी काही वाक्यं दोन ओळींत मावतच नाहीत. मराठीत तुम्ही कोणता आकडा धरता, 23 वाला की 47 वाला? आणि लांब वाक्य दोन कॅप्शनमध्ये फोडता की शब्द बदलून छोटं करता? उद्या संध्याकाळी द्यायचंय 🙏