नमस्कार केला, उत्तरच नाही (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

२०४ काका: लोकहो एक विचारतो, राग नको. सकाळी पार्किंगमध्ये आपल्याच एका तरुण मेंबरला मोठ्याने नमस्कार म्हटलं, पठ्ठ्याने मान पण वर केली नाही. नुसता उभा होता, हातात मोबाइलही नाही. एवढं पण जमत नाही का हल्ली?

५०१: काका तो मीच 😄 कानात इअरबड होते, ऑफिसची मीटिंग चालू होती. गप्प उभा होतो म्हणून तुम्हाला मोकळा वाटलो, पण पलीकडून बॉस आकडे सांगत होते आणि त्यावर मला लगेच बोलायचं होतं. माईक चालू होता त्यामुळे तुमचा नमस्कार सगळ्या मीटिंगला ऐकू गेला, एकाने तर उलट नमस्कारही केला, आणि तेवढ्यात माझा आकडा हुकला तो हुकलाच.

२०४ काका: अरे देवा. पण मला कळणार कसं? कान झाकलेले.

३०३ ताई: काका, डोळे बघायचे. कॉलवरचा माणूस एकाच ठिकाणी टक लावून असतो, नाहीतर उगाच चार पावलं इकडे चार तिकडे फिरत असतो, आणि मधेच मान हलवतो किंवा ओठ हलतात पण समोर कोणी नसतं. नुसता उभा असलेला माणूस कोणी जवळ आलं की आपोआप बघतो. त्याने बघितलंच नाही तर बोलायचं नाही. बघितलं तर लांबूनच मान हलवायची आणि पुढे जायचं, थांबायचं नाही, आपण थांबलो की त्याला वाटतं काहीतरी काम आहे.

५०१: अगदी. आणि मी तळहात दाखवला तर त्याचा अर्थ 'बघितलं, नंतर बोलू', 'या ना' असा नाही. व्हिडिओ कॉल असेल तर मागून हात पण हलवू नका प्लीज, तिकडे सगळं दिसतं.

१०२ काकू: जेवणाऱ्याचं पण सांगा कोणीतरी. दार उघडं दिसलं की लोक आत येऊन 'काय, जेवण चाललंय का' विचारतात. तोंडात घास, 'हो' तरी कसं म्हणणार!

४०१ (डॉक्टर): काकू तिथे नुसता शिष्टाचाराचा प्रश्न नाही. घास गिळताना श्वासनलिका बंद होते आणि श्वास क्षणभर थांबतो, बोलायला मात्र ती उघडीच लागते. घास गिळता गिळता घाईत उत्तर द्यायला गेलं की ठसका लागतो, वयस्कर माणसांना आणि लहान मुलांना जास्त. जायचंच असेल तर घास संपू द्या, हात ताटात स्थिर झाला की बोला, आणि तेही असं की त्याला मानेनेच उत्तर देता येईल. प्रश्न विचारू नका.

३०३ ताई: मला खरं कोडं पडतं ते प्रार्थनेचं. वाचणारा माणूस डोळे उघडे ठेवून बसलेला असतो, कळत नाही बोलावं की नाही.

२०१: आमच्या घरातलं सांगतो. नमाज चालू असताना सलामला तोंडाने उत्तर देता येत नाही, त्यामुळे न बोलणं म्हणजे राग नाही. शेवटी बसून आधी उजवीकडे मग डावीकडे मान वळवून सलाम म्हणतात, तिथे नमाज पूर्ण होते. त्यानंतरही कोणी बोटांवर किंवा तस्बीहवर मोजत बसलं असेल तर थोडं थांबायचं, उठले की बोला. आणि अगदी समोरून जाऊ नका, मागून जा.

१०२ काकू: आमच्या सासूबाई जपमाळ ओढतात तेव्हा तसंच. हाक मारली की मणी कुठला होता तेच विसरतात, मग परत पहिल्यापासून. माळ खाली ठेवली की समजायचं झालं.

५०३: म्हणजे पाणी वाहतंय, गॅसचा वास येतोय, गाडी अडकलीये तरी गप्प बसायचं का? मला हे जरा जास्तच वाटतंय.

३०३ ताई: छे! ते नमस्कारात मोडतच नाही. सरळ कामाचं वाक्य, 'गॅसचा वास येतोय, बंद करा', आधी 'कसे आहात' नको. गॅसला वेळ नसतो.

२०४ काका: ठीक. आणि नंतर भेटलो तर 'तेव्हा बोलला नाहीस' म्हणावं का? माझ्या तोंडी येतंच ते.

५०१: नको काका, मग मला परत मीटिंगचं सगळं पुराण सांगावं लागेल. सरळ नमस्कार करा, मी त्याचं आणि सकाळचं मिळून दोन्ही देईन.

१०२ काकू: आणि आमच्या नातवाला कोण समजावणार, तो सगळ्यांना ओरडून हाय करतो.

४०१ (डॉक्टर): त्याला एकच सांगा, आधी त्यांनी तुझ्याकडे बघितलं का ते बघ, मग हाय कर. बाकीचं मोठा झाल्यावर.