स्प्रिंग जास्त ताणली तरी वेळ तोच का?

«खेळण्यातली लांब, मऊ स्प्रिंग ३ मीटरऐवजी ५ मीटर ताणली, तरी स्पंद दुसऱ्या टोकाला तेवढ्याच वेळात पोचतो. मोजण्यात चूक आहे का?»

चूक नाही. स्पंदाचा वेग v = √(T/μ), जिथे T म्हणजे स्प्रिंगमधला ताण आणि μ म्हणजे दर मीटर लांबीचं वस्तुमान. ही स्प्रिंग न ताणता जेमतेम ६ सेंटीमीटर असते, म्हणून ताण T जवळजवळ kL इतका धरता येतो; L म्हणजे ताणलेली लांबी आणि k म्हणजे स्प्रिंग एक मीटर ताणायला लागणारं बल. लांबी वाढली की तेच वस्तुमान m पसरतं, म्हणजे μ = m/L घटतं. दोन्ही घातले की v = L√(k/m), आणि वेळ √(m/k). त्यात लांबी उरतच नाही!

समजा m = ०.२ किलो, k = ०.८ न्यूटन प्रति मीटर. ३ मीटरवर वेग ६ मीटर प्रति सेकंद, ५ मीटरवर १०. वेळ दोन्हीकडे अर्धा सेकंद.

वेळ बदलायचा असेल तर अर्धी वेटोळी मुठीत घट्ट धरा. मोकळ्या भागाचं वस्तुमान निम्मं, k दुप्पट, त्यामुळे वेळ पाव सेकंद. मात्र वेटोळी मुठीतून सुटू लागली की हिशेब बिघडतो.

अर्धा सेकंद स्टॉपवॉचने नीट मोजता येत नाही. दुसरं टोक पक्कं धरून तीन फेऱ्या (जाऊन-येऊन) मोजा, सुमारे ३ सेकंद येतील, आणि ६ ने भागा. खरखरीत फरशीवर स्पंद त्याआधीच विरतो. गुळगुळीत लादी बरी.